बाळ-बाळंतीण सुखरूप

आमच्या परिचयाच्या फोंडा तालुक्यातील एका कुटुंबात अलीकडेच मुलगी जन्मास आली. चवथ्या दिवशी माता व बालिका घरी परतल्यावर पित्याने आप्तेष्टांना भ्रमणध्वनीवरून वार्ता कळविली. छायाचित्रात पित्याचे बोट घट्ट धरलेली एक इवलीशी मूठ, आणि खाली तीनच वाक्ये : "आमच्या घरी लेक आली. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. नाव बारशाला ऐकायला या." जन्माची तारीख नाही, वेळ नाही, इस्पितळ नाही, गाव नाही. आम्हांस हा मजकूर फार आवडला. पेढे खाल्ल्याचे समाधान त्यातून मिळाले आणि त्या अर्भकाचे काहीही चव्हाट्यावर आले नाही.

काही वडीलधाऱ्यांना मात्र हा आधुनिकांचा तुसडेपणा वाटला. खरे म्हणजे ही आपलीच जुनी रीत आहे. माहेरी बाळंतपण झाले की सासरी पोस्टकार्ड जाई, त्यातही 'सुखरूप' याहून फारसे काही नसे. नाव नसेच, कारण ते बाराव्या दिवसाआधी ठेवलेलेच नसे. सटीची रात्र जागवेपर्यंत मूल चारचौघांत आणीत नसत, गालाला काजळाची तीट लावीत, आणि ज्या घरी मुले जगत नसत तेथे त्यांना धोंडू वा दगडू म्हणत. या दृष्टीच्या भीतीवर आमचा विश्वास नाही. परंतु अनोळखी नजरेपासून मूल झाकावे, हे शहाणपण त्यामागे होते.

आज ती नजर कोठून पोहोचते, हे पाहण्यासारखे आहे. अर्भकाच्या मनगटावरील पट्टीवर आणि पाळण्याला लावलेल्या कार्डावर आईचे पूर्ण नाव, जन्माची तारीख व वेळ लिहिलेली असते; हौसेने काढलेल्या पहिल्याच छायाचित्रात ती स्पष्ट वाचता येते. भ्रमणध्वनीच्या कॅमेऱ्यात लोकेशन चालू असेल, तर छायाचित्र कोठे काढले याची नोंद त्या फाईलमध्येच बसते. व्हॉट्सॲपवर साधे छायाचित्र म्हणून पाठविल्यास ती बहुधा गळून पडते. पण "चांगले दिसावे" म्हणून मूळ फाईल डॉक्युमेंट करून धाडली, तर जागेची नोंदही तिच्याबरोबर जाते. घरची सगळी माणसे इस्पितळात असताना तेथूनच वार्ता धाडणे म्हणजे घराला कुलूप असल्याची दवंडी पिटणे होय. म्हणूनच त्या पित्याने घरी येईपर्यंत धीर धरला.

जन्मतारखेचे मोल तर आता अधिकच वाढले आहे. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात 2023 साली दुरुस्ती झाली. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेश, वाहनपरवाना, मतदारयादी, पासपोर्ट अशा कामांसाठी जन्माची तारीख व स्थळ जन्मदाखल्यानेच सिद्ध करावे लागते. एवढ्या महत्त्वाच्या गोष्टी अडीच-तीनशे जणांना वाटून टाकाव्यात काय? आणि गंमत अशी, की जन्माची वर्दी एकवीस दिवसांत मागणारे सरकारदेखील नावाची घाई करीत नाही. नावाविना नोंद होते आणि वर्षभरात नाव विनाशुल्क भरता येते.

तथापि, त्या पित्याची सारी दक्षता दोन तासांत जवळजवळ वाया गेली. एका मावशीने अभिनंदन करताना इस्पितळाचे नाव आणि "शनिवारी तिन्हीसांजेला लक्ष्मी आली" असे लिहून टाकले. पाठोपाठ आजोबांनी जन्मपत्रिकेसाठी नेमकी वेळ त्याच गटात विचारली, आणि कोणी तरी ती मिनिटासह सांगितली! फुटते ती बहुधा येथेच. आईबापांच्या लेखणीतून जे निसटत नाही, ते गणगोताच्या प्रेमातून निसटते. पित्याने मावशीला दूरध्वनी करून तो मजकूर तिच्याच हातून काढविला. जोशीबुवांसाठीची वेळ कागदावर लिहून आजोबांच्या हाती दिली. पण तोवर कितीजणांनी वाचले, कोणी पुढे धाडले, हे त्याला कधीच कळणार नाही. हे बोलणे वार्ता धाडण्यापूर्वी झाले असते तर बरे झाले असते. रुसवा येतो खरा. आजी-आजोबांना बाळाचे छायाचित्र कागदावर छापून दिले, तर तो बराचसा ओसरतो.

मात्र मावशीला बोल लावताना आम्हांलाही खाली मान घालावी लागते. आमच्याच वाढदिवसाच्या सदरात आम्ही वर्षानुवर्षे चिमुकल्यांचे छायाचित्र, पूर्ण नाव, आईवडिलांची नावे, वाडा आणि गाव छापीत आलो. पालकच पाठवीत, हे खरे. पण त्या मुलांना कोणीच विचारले नव्हते. येत्या महिन्यापासून या सदरात मुलाचे घरगुती लाडके नाव आणि शुभेच्छा देणाऱ्यांचे नाते एवढेच छापले जाईल. आधी आलेली छायाचित्रे पालकांनी कार्यालयातून परत न्यावीत.