दुसरीच्या पालकांना पत्र

पालकहो,

जूनपासून दुसरीच्या गणिताच्या वह्या जवळपास कोऱ्याच घरी येताहेत, अशी तक्रार बऱ्याच जणांनी केली. तक्रार खरी आहे. म्हणून या आठवड्याचं सदर तुमच्या नावे.

सध्या वर्गात हातच्याची वजाबाकी चालू आहे. 43 वजा 18 घ्या. मुलासमोर दहा-दहा काड्यांना रबर लावलेले चार गठ्ठे आणि तीन सुट्या काड्या असतात. त्यातून अठरा काढून द्यायच्या. एक गठ्ठा पटकन जातो, सुट्या आठ मात्र निघत नाहीत. मूल थबकतं आणि थोड्या वेळानं विचारतं, ‘बाई, रबर काढू?’ हा प्रश्न त्यानंच विचारावा म्हणून आम्ही गप्प असतो. एक गठ्ठा सुटला की तेरा सुट्या होतात. त्यातल्या आठ गेल्या, पाच राहिल्या. उरलेले दोन गठ्ठे धरून पंचवीस. हेच मग चित्रात काढायचं आणि शेवटी वहीत, 4 खोडून वर 3 लिहायचं. खोडलेला 4 म्हणजे सोडलेला गठ्ठा, हे तोवर त्याला सांगावं लागत नाही.

काही मुलं गठ्ठ्यातल्या काड्याही दर वेळी एक, दोन, तीन करत मोजतात. दहाचा गठ्ठा म्हणजे दहाच, यावर त्यांचा अजून भरवसा नाही. त्यांना आम्ही वहीकडे नेत नाही. वही कोरी राहण्याचं हेही एक कारण.

उत्तर चुकलं तर कसं चुकलं ते बघा. 35 आलं असेल तर मुलानं तिनातून आठ जात नाहीत म्हणून आठातून तीन वजा केले. त्याला पुन्हा काड्या द्यायच्या. 15 आलं तर, रागावू नका, पण तो बहुधा घरच्या शिकवणीचा प्रताप असतो. आजी-आजोबांची रीत वेगळी: वरच्या तिनाचे तेरा करायचे आणि हातचा एक खालच्या दशकात मिळवायचा. म्हणजे चारातून दोन गेले, दोन. दोन्ही संख्यांत दहा मिळवले की फरक तोच राहतो, त्यामुळे ती रीतही बिनचूक आहे. पण मूल शाळेतल्यासारखं वरच्या चाराचे तीन करतं आणि आजीसारखं खालच्या एकाचे दोनही करतं. मग तिनातून दोन गेले, एक! म्हणून दिवाळीपर्यंत तरी घरी दुसरी रीत शिकवू नका.

काड्यांनाही मर्यादा आहे. शंभराच्या पुढे त्यांचा पसाराच होतो. तिथे आम्ही खेळातल्या नोटा घेतो आणि 402 मधून 168 वजा करताना आधी शंभराची नोट मोडून दहाच्या दहा नोटा घ्यायला लावतो, मग त्यातली एक मोडून सुटे रुपये. मधल्या शून्यापाशी मोठी मुलंही अडतात, तिथे घाई करणार नाही.

सोमवारी प्रत्येकानं आइस्क्रीमच्या पन्नास काड्या धुऊन, वाळवून पाठवाव्यात. रबरं शाळा देईल.

आपली,
मुख्याध्यापिका