यकृत नळीत येत नाही

या महिन्याच्या टपालात दोन तक्रारी पुन्हापुन्हा आल्या आहेत. पहिली रुग्णांची: ‘रात्रीपासून अन्नाचा कण पोटात नाही, तरी उपाशीपोटीची साखर १२८ कशी? तुमचं मशीन बिघडलंय.’ दुसरी खुद्द सभासदांची: तपासणी शिबिरातल्या ठणठणीत माणसाची साखर ५४ निघते, आणि आयोजक कंपनी खुलासा मागते. दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे.

रुग्णाला वाटतं, रक्तातली साखर म्हणजे जेवणातून आलेली साखर. रात्रभराच्या उपासानंतर ती तशी नसते. सामान्य माणसाच्या पाच लिटर रक्तात एका वेळी जेमतेम चार-साडेचार ग्रॅम ग्लुकोज असतं, म्हणजे एक चहाचा चमचा. मेंदूलाच तासाला सुमारे पाच ग्रॅम लागतं, तांबड्या पेशींना आणखी दीडेक. हा खर्च यकृत भरून काढतं. साठ किलोच्या माणसाचं यकृत उपाशीपोटी तासाला सात ग्रॅमच्या आसपास ग्लुकोज रक्तात सोडतं, थोडं ग्लायकोजेन मोडून, थोडं लॅक्टेट, अमिनो आम्लं आणि ग्लिसरॉलपासून नव्याने घडवून. स्नायूंत ग्लायकोजेनचा साठा यकृतापेक्षा मोठा असतो, पण ग्लुकोज-६-फॉस्फेटेज नसल्यामुळे तो रक्ताच्या कामी येत नाही. मधुमेहात इन्सुलिनचा लगाम सैल पडला, की हेच यकृत गरजेपेक्षा जास्त ग्लुकोज ओतत राहतं. त्या रुग्णाच्या १२८ चा उगम तिथे आहे. काउंटरवरच्या मुलीला एवढं सांगता आलं पाहिजे.

शरीर हा आकडा अरुंद पट्ट्यात का धरून ठेवतं? खाली मेंदू उभा आहे. साखर सत्तरच्या खाली जायला लागली, की ग्लुकॅगॉन आणि अ‍ॅड्रेनलिन धावून येतात. पंचावन्नच्या आसपास घाम, थरथर, गोंधळ सुरू होतो. वर १८० ओलांडली, की मूत्रपिंडातून ती वाहून जाऊ लागते, आणि बराच काळ चढी राहिली, तर प्रथिनांना चिकटते. एचबीए१सी रोज मोजणाऱ्यांना याहून अधिक सांगायला नको.

आता शिबिरातली ५४. तांबड्या पेशीत मायटोकॉन्ड्रिया नाहीत; तिला ऊर्जेसाठी ग्लुकोजच लागतं, आणि सुई बाहेर काढल्यावरही ती ते खात राहते. शरीरात यकृत भरपाई करतं. नळीत यकृत नाही. साध्या नळीत, खोलीच्या तापमानाला, तासाला पाच ते सात टक्के ग्लुकोज संपतं. उन्हाळ्यात किंवा पांढऱ्या पेशी वाढलेल्या असल्या, तर त्याहून जास्त.

पण ५४ ची चिंता आम्हाला कमी आहे. ती निदान डोळ्यांत खुपते. खरा घोटाळा दिसतच नाही. सकाळी सातला रक्त दिलेल्या बाईंची खरी साखर ११२ आहे असं धरा. नमुना गावोगाव फिरत अकराला मशीनवर पोहोचतो. तासाला सहा टक्क्यांनी हिशेब करा: १०५, ९९, ९३, ८७. अहवालात ‘सामान्य’ छापून येतं. मधुमेहपूर्व अवस्थेतली बाई निश्चिंत होऊन घरी जाते आणि कुणी खुलासा मागत नाही.

करड्या झाकणाची नळी वापरली म्हणजे भागलं, हीही समजूत सोडा. फ्लोराइड एनोलेजला अडवतं, म्हणजे साखळीच्या जवळपास शेवटी. वरच्या पायऱ्या चालूच राहतात. घसरण थांबायला तास-दोन तास, कधी त्याहून अधिक लागतात. त्यानंतर मात्र आकडा टिकतो. सायट्रेट बफर असलेली नळी साखळी सुरुवातीलाच रोखते, पण शिबिराच्या दरपत्रकात तिला जागा नसते.

आणि या सगळ्यावर कळस म्हणजे अहवालातली वेळ. कित्येक ठिकाणी ‘नमुना घेतल्याची वेळ’ या रकान्यात संगणक आपोआप बारकोड स्कॅन झाल्याची वेळ टाकतो. सातचं रक्त कागदावर अकराचं होतं. खुलासा मागणाऱ्या कंपनीच्या अर्जात छपाईची वेळ सेकंदापर्यंत असते, सुई टोचल्याची मात्र कुठेच नाही! तपासणी अधिकारी येतात, फलकावरचे दर वाचतात, फ्रीजचं तापमान टिपतात, आणि ही नोंद न विचारता जातात. त्यांना काय बोलायचं? आपल्यातलेच काही संचालक संकलन केंद्रावर एक छोटं सेंट्रिफ्यूज ठेवायला वर्षानुवर्षं टाळाटाळ करताहेत.

तेव्हा सभासदहो, सुई टोचल्याची वेळ नळीवर पेनाने लिहा. करडी नळी भरल्याबरोबर आठ-दहा वेळा हलक्या हाताने उलटीसुलटी करा, तशीच रॅकमध्ये खोचू नका. ती बर्फात ठेवा आणि अर्ध्या तासात प्लाझ्मा वेगळा करा. जिथे हे शक्य नाही, तिथला साध्या नळीत तासन् तास फिरलेला साखरेचा नमुना नाकारा आणि अहवालावर नाकारण्याचं कारण छापा. कंत्राट गेलं तरी चालेल.