‘स्वखुशीने’ दिलेली सही

कायदा मोडला जातो म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर चोरटेपणा येतो. पण काही कायदे न मोडताच निष्प्रभ होतात. मुलीचा वारसाहक्क हे त्याचे ठळक उदाहरण.

वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत हिंदू मुलीला मुलाइतकाच वाटा 1956 च्या कायद्यानेच मिळाला. वडिलोपार्जित मिळकतीत जन्मसिद्ध हक्क महाराष्ट्राने 1994 मध्ये, काही मर्यादा घालून दिला. 2005 मध्ये तो देशभर लागू झाला.

समजा, वडिलांनी स्वतः घेतलेली आठ एकर जमीन आहे आणि ते मृत्युपत्र न करता गेले. मागे आई, दोन मुलगे, एक मुलगी. चौघांना दोन-दोन एकर. गावदप्तरी वारस म्हणून चौघांची नावे लागतात. इथवर कायदा चोख चालतो. मग काही महिन्यांनी भाऊ बहिणीला तालुक्याला नेतो, दुय्यम निबंधकासमोर हक्कसोडपत्र होते, ‘स्वखुशीने, मोबदला न घेता’ असे शब्द पडतात, आणि फेरफार होऊन तिचे नाव कमी होते.

यात बेकायदा काहीच नाही. हक्क सोडण्याची मुभा कायद्यानेच दिलेली आहे. समाजाची रीत कायद्याला धक्का न देता त्याचाच स्टॅम्पपेपर वापरते. त्यात तक्रार करायची ती जिने सही केली तिनेच!

मी बँकेत होतो तेव्हा जमीन तारण घेताना आम्हीही विचारायचो, ‘बहिणींच्या सह्या झाल्यात ना?’ बँकेला निर्वेध मालकी हवी असते. म्हणजे भावाच्या आग्रहाला व्यवहाराचेही बळ मिळते.

ऑस्ट्रियन साम्राज्यातल्या बुकोविनात शिकवणाऱ्या ऑयगेन एर्लिख यांनी 1913 च्या ग्रंथात याला ‘जिवंत कायदा’ म्हटले. मुलांची कमाई मुलांची, असे तिथली संहिता सांगत होती. शेतकरी घरांत ती निमूट बापाच्या हाती पडे. माणसे कलमांपेक्षा ज्यांच्यात जगायचे त्यांना अधिक जपतात, हे त्यांनी टिपले.

आपल्याकडची बहीणही हिशेब करतेच. दोन एकर घेतले तर भाऊबीज, दिवाळीची साडी, बाळंतपणाला माहेर आणि सासरी बिनसले तर परतायला दार, एवढे सगळे पणाला लागते. कायदा तिला जमीन देतो, दार देऊ शकत नाही. शिवाय लग्नात खर्च झाला, तोच तिचा वाटा, असे घरात धरून चाललेले असते.

ही रीत अढळ मात्र नाही. महामार्गासाठी जमीन संपादित होऊन मोबदला जाहीर झाला की वर्षानुवर्षे गप्प राहिलेल्या बहिणी वाटपाचा दावा लावतात. त्यांना लोभी म्हणणे सोपे आहे. खरे तर माहेरापायी सोडलेल्या जमिनीची किंमत तेव्हा प्रथमच आकड्यात समोर येते.

म्हणून हक्कसोडपत्र वाचताना ‘स्वखुशीने’ या शब्दापाशी थांबावे. सही करण्याआधी तिचा वाटा किती एकर आणि किती किमतीचा, हे तिला कुणी सांगितले होते का? ते सांगितलेच नसेल, तर खुशी कुणाची हे वेगळे सांगायला नको.