रांजणवाडी पिळू नका, शेका

आपल्या वस्तीतल्या नववीच्या एका मुलीच्या वरच्या पापणीवर रांजणवाडी आली. तिसऱ्या दिवशी पिवळं टोक दिसलं आणि घरच्यांनी ते नखांनी दाबलं. थोडा पू निघाला, सगळ्यांना बरं वाटलं. पण दुसऱ्या दिवशी सगळी पापणी सुजली, डोळा उघडेना, ताप भरला. चार दिवस शेकून बसणारा फोड तिला दवाखान्यात घेऊन गेला.

माझं मत स्पष्ट आहे. पापणीवरची कुठलीही गाठ पिळायची नाही. रांजणवाडी म्हणजे पापणीच्या केसाच्या मुळाशी जंतूंमुळे झालेला फोड. दाबल्यावर थोडा पू बाहेर येतो, पण बाकीचा आत ढकलला जातो आणि संसर्ग पापणीभर पसरतो. दुसरी गाठ दुखत नाही, वाटाण्यासारखी टणक लागते. डॉक्टर तिला कॅलॅझिऑन म्हणतात. तिच्यात तेलग्रंथीचं तोंड बंद होऊन आत घट्ट तेल साचलेलं असतं. तिथे पू नसतोच, मग पिळून निघणार काय?

तळहातावर बोट घासून रांजणवाडीला लावायची आपल्याकडची जुनी रीत. त्यात ऊब देण्याचा विचार बरोबर आहे, पण ती ऊब क्षणभरच टिकते आणि बोट मळकं असतं. त्याऐवजी असं करा. हात साबणाने धुवा. पाणी उकळून कोमट होऊ द्या. स्वच्छ सुती कापड त्यात बुडवून पिळा आणि आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहा. चटका बसला तर थांबा. डोळा मिटून पाच ते दहा मिनिटं शेका. कापड गार होईल तसं पुन्हा बुडवा. दिवसातून तीन-चार वेळा हे करा. तव्यावर तापवलेलं फडकं किंवा वाफ नको, पापणीची कातडी फार पातळ असते. लसूण, चुनाही नको. प्रत्येकाचं कापड वेगळं ठेवा, धुऊन उन्हात वाळवा. बरं होईपर्यंत काजळ बंद.

पापणीच्या कडेला कोंड्यासारखे खवले धरत असतील, तर शेकल्यावर कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने कड हळूच पुसा. हे रोज करावं लागतं. सोडलं की खवले परत येतात आणि रांजणवाडीही वारंवार होते.

रांजणवाडी बहुधा एक-दोन आठवड्यांत फुटून बसते. टणक गाठीला मात्र काही आठवडे, कधी महिनेही लागतात. पण सगळी पापणी सुजली, ताप आला, डोळा फिरवताना दुखलं, डोळा पुढे आल्यासारखा वाटला किंवा अंधुक दिसू लागलं, तर त्याच दिवशी वर्ध्याचं जिल्हा सामान्य रुग्णालय किंवा सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय गाठा. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने थेंब आणू नका. रांजणवाडी पुन्हापुन्हा येत असेल, तर साखरही तपासून घ्या. आणि वयस्कर माणसाची गाठ एकाच जागी परत येत असेल, तिथले केस गळत असतील, तर डॉक्टरांना ती तपासायला सांगा. क्वचित ती कर्करोगाची असू शकते.