रिकाम्या हातांची भीती

मावसबहिणीच्या नातीचा पहिला वाढदिवस होता. आई-बापानं निमंत्रणात स्वच्छ लिहिलं होतं, "प्लॅस्टिकची खेळणी नकोत, जास्तीच्या वस्तूही नकोत." तरी संध्याकाळी पलंगावर सतरा पुडकी! त्यातल्या सहा तर गाणाऱ्या मोटारी.

मी विचारलं, तर एक वहिनी म्हणाल्या, "अगं, लिहायची पद्धत असते ती. रिकाम्या हातानं कसं जायचं?"

म्हणजे भीती आपल्या हातांची आणि अडगळ त्या पोरीच्या घरात! परिग्रह-परिमाण हे श्रावकाचं पाचवं अणुव्रत आपण पाठ म्हणतो. घरात किती ठेवायचं याची मर्यादा आपणच आखायची, एवढाच त्याचा अर्थ. त्या दोघांनी ती आखली आणि आपण पुडकं घेऊन ती ओलांडली. दुसऱ्याचं व्रत मोडायचा अधिकार आहेरानं मिळतो का?

आपल्या इंदूरच्या कचरागाडीत सहा प्रकारचा कचरा वेगळा द्यावा लागतो. आता सांगा, गाणारी मोटार बंद पडली की कुठल्या कप्प्यात टाकायची? प्लॅस्टिक, स्क्रू, तार, सेल सगळं एकात जोडलेलं. बरं, तो बटणासारखा सेल निसटून वर्षाच्या बाळानं गिळला तर अन्ननलिका भाजते. घरात सेलचं खेळणं आलंच असेल, तर सेलचं झाकण स्क्रूनं आवळलंय का, एवढं तरी पाहा.

काही हुशार बायका म्हणतील, "आम्ही बुधनीची लाकडी खेळणी दिली." खेळणी छानच. पण "जास्तीच्या वस्तू नकोत" हे अर्धं वाक्य वाचलंत कुठे? अकरावी बाहुली लाकडाची असली तरी अकरावीच. चांदीच्या चौथ्या वाटीचंही तेच.

तत्त्वार्थसूत्रात उमास्वातींनी परिग्रह वस्तूंत नाही, आसक्तीत पाहिला. आपली आसक्ती कशात आहे? पुडक्यावरच्या आपल्या नावात.

मग द्यायचं काय? मी आधी फोन करून पोरीच्या आईलाच विचारलं. ती म्हणाली, "मावशी, सुकन्या समृद्धीचं खातं उघडलंय." हे खातं दहा वर्षांखालच्या मुलीच्या नावानं आई-बाप पोस्टात किंवा बँकेत उघडतात. वर्षाला निदान २५० रुपये आणि जास्तीत जास्त दीड लाख भरता येतात. आम्ही चौघींनी पाचशे-पाचशे काढले आणि दोन हजार तिच्या हाती दिले, खात्यात भरायला. शिवाय मी चार शनिवारच्या दुपारी पोरीला सांभाळायचं कबूल केलं. तिची आई त्या चार दुपारी झोपली. पोरगी माझ्यासमोर स्टीलची वाटी आणि चमचा बडवत बसली, आणि मोटारी कपाटावर तशाच.

यजमानांनाही एक सांगते. "प्लॅस्टिक नको" लिहून जाताना पाहुण्यांच्या पोरांच्या हाती प्लॅस्टिकच्या शिट्ट्या ठेवू नका. त्या संध्याकाळी तेही झालं! मर्यादा आखली की ती आपल्याही दाराला लागू होते.

आणि बायांनो, रिकाम्या हातांना एवढं भिऊ नका. बाळाला उचलून घ्यायला हात रिकामेच लागतात.