डेमोनंतरचे पत्र

बँकेत सदतीस वर्षे काढली, त्यातली निम्मी पत्रे लिहिण्यात गेली. थकबाकीदाराला पहिले पत्र, मग 'स्मरणपत्र क्र. १', मग 'क्र. २' आणि शेवटी रजिस्टर पोस्टाने वकिलाची नोटीस. या पत्रांची भाषा कितीही रुक्ष असली तरी त्यांच्या मागे एक वजन असे: समोरचा माणूस देणे लागत होता. आपली वस्तू दाखवून आलेला विक्रेता नंतर जे पत्र लिहितो, त्याला हे वजन नसते. पाहणाऱ्याने चहा पाजला, तासभर ऐकून घेतले, इथे त्याचे कर्तव्य संपले. तरीही बहुतेक विक्रेते पत्र लिहितात ते तगाद्याच्याच सुरात: 'आपल्या निर्णयाची वाट पाहत आहोत.'

आमच्या शेवगावात, आमच्याच गल्लीत राहणारा एक तरुण पतसंस्थांना संगणक प्रणाली विकतो. जानेवारीत त्याने तालुक्यातल्या एका पतसंस्थेत प्रात्यक्षिक दिले, म्हणजे आजच्या भाषेत डेमो. चेअरमन होते, व्यवस्थापक होते, पिग्मीचे काउंटर सांभाळणारा क्लार्क होता. सगळ्यांनी माना डोलावल्या. 'मीटिंगमध्ये विषय घेतो, कळवतो,' असे व्यवस्थापक म्हणाले. दुसऱ्या दिवशी याने ई-मेल पाठवला. सोबत माहितीपत्रक, दरपत्रक आणि ग्राहकांची यादी. उत्तर नाही. फेब्रुवारीत दुसरा मेल, त्यालाही नाही. एप्रिलच्या सुरुवातीला तो माझ्याकडे आला. ''काका, त्यांना नको असेल तर नको म्हणून तरी सांगावं ना!''

सहकारी संस्थेत 'नको' असे कोणी म्हणत नाही, हे त्याला ठाऊक नव्हते. शिवाय फेब्रुवारी-मार्च म्हणजे वसुली आणि वर्षअखेर. ३१ मार्चला ताळेबंद जुळवायची चिंता असताना नवी प्रणाली कोण बघेल? तेव्हा ते मौन नकाराचे होतेच असे नाही.

मी त्याचे दोन्ही मेल पाहिले. पहिली अडचण अगदी साधी होती. मजकूर जुन्या पद्धतीच्या मराठी फाँटमध्ये टंकलेला होता. तो फाँट ज्या यंत्रावर नाही, तिथे 'सप्रेम नमस्कार'च्या जागी नुसती चिन्हांची खिचडी दिसते. युनिकोडमध्ये लिहिले की मोबाइलवरही अक्षर नीट उमटते. दुसरी अडचण जोडपत्रांची. आपल्याकडे संस्थेचा मेल उघडतो क्लार्क. महत्त्वाचा वाटला तर छापून फाइलला लावतो आणि साहेबांपुढे ठेवतो. एका कागदावर मावेल तेवढेच पुढे सरकते.

खरी अडचण मात्र मजकुरात होती. दोन्ही मेल निर्णय मागत होते आणि ज्याच्याकडे मागत होते, त्याच्या हातात निर्णय नव्हता. खरेदीचा ठराव संचालक मंडळ करते. व्यवस्थापक फार तर विषय मांडू शकतो, आणि मांडायला त्याच्याजवळ काही हवे ना!

मी विचारले, ''डेमोच्या वेळी कोणी काय विचारले होते?'' बराच वेळ त्याला आठवेना. मग म्हणाला, ''त्या क्लार्कनं विचारलं होतं, पिग्मी मुदतीआधी बंद केली तर कमिशनची कपात आपोआप होते का. मी म्हटलं, होते.'' त्या तासाभरात मिळालेली जिवंत वस्तू हीच होती. माना डोलावणे सौजन्याचे असते. प्रश्न तोच विचारतो ज्याने मनातल्या मनात ती वस्तू आपल्या टेबलावर ठेवून पाहिली आहे.

पिग्मी म्हणजे दारोदार फिरून गोळा केलेली दैनंदिन ठेव. सिंडिकेट बँकेने १९२८ साली ही पद्धत सुरू केली. बँक पुढे २०२० साली कॅनरा बँकेत विलीन झाली, पण पिग्मी अजून टपरीवाल्याच्या गल्ल्यापाशी रोज संध्याकाळी उभी असते. या संस्थेचा नियम असा: खाते सहा महिन्यांच्या आत बंद केले, तर व्याज नाही आणि एजंटला दिलेले तीन टक्के कमिशन सभासदाच्या रकमेतून कापायचे. प्रत्येक संस्थेचा नियम वेगळा आणि हिशोब हातानेच. काउंटरवरची निम्मी भांडणे इथली.

मग आम्ही बसून हा मेल लिहिला. विषयाच्या ओळीत 'पाठपुरावा' किंवा 'धन्यवाद' नाही, तर 'मुदतपूर्व पिग्मी: आपल्या प्रश्नाचे उत्तर'. मजकूर असा:

''आदरणीय साहेब, सप्रेम नमस्कार. जानेवारीतील प्रात्यक्षिकाच्या वेळी आपल्या पिग्मी विभागाने मुदतपूर्व खात्याची कपात विचारली होती. उदाहरण देतो. रोज १०० रुपये, १५० दिवस भरणा, जमा १५,००० रुपये. पाचव्या महिन्यात खाते बंद. तीन टक्के कपात ४५० रुपये, सभासदास देय १४,५५० रुपये. प्रणाली आपला नियम एकदा भरून घेते आणि ही पावती स्वतः काढते. हे आपल्याच आकड्यांवर पडताळावे अशी विनंती आहे. गेल्या वर्षी मुदतीपूर्वी बंद झालेल्या दहा खात्यांचे उतारे, सभासदांची नावे झाकून, काढून ठेवावेत. येत्या गुरुवारी सकाळी अकरा वाजता मी येतो. अर्ध्या तासात आपले वहीतले आकडे आणि आमचे आकडे शेजारी ठेवू. यासाठी शुल्क नाही, ठरावाचीही गरज नाही. गुरुवार सोयीचा नसल्यास दुसरा वार कळवावा.''

नावे झाकण्याची अट माझी. सभासदाचे खाते परक्याला दाखवायचे नसते, आणि विक्रेत्याने हे आपणहून म्हटले की व्यवस्थापकाची एक भीती कमी होते. दर लिहायचा त्याचा आग्रह होता, तो मी मोडून काढला. दर आला की पत्र मंडळाकडे जाते आणि तिथेच झोपते. दहा उतारे काढणे मात्र व्यवस्थापकाच्या अखत्यारीतले होते. मेल पाठवून त्याने फोन केला तो एवढेच सांगायला की मेल पाठवला आहे.

दुसऱ्याच दिवशी व्यवस्थापकांचा फोन आला. ''दहा नाही, बारा आणा म्हणतो आमचा क्लार्क.'' गुरुवारी बारापैकी अकरा खाती पैशापर्यंत जुळली. बारावे जुळेना. वहीत ४२० रुपये कापलेले, यंत्र म्हणे कपात नाही. पोराचा चेहरा उतरला. शेवटी उतारा पुन्हा वाचला तेव्हा उलगडले. खाते तीन तारखेला उघडले होते, पहिला भरणा अकरा तारखेचा. बंद केले ते उघडल्यापासून सहा महिने आणि चार दिवसांनी. क्लार्क पहिल्या भरण्यापासून महिने मोजत होता, यंत्र खाते उघडल्यापासून. व्यवस्थापकांनी कपाटातून नियमांचे पुस्तक काढले. त्यात 'खाते उघडल्यापासून' असेच होते. कोणा सभासदाचे ४२० रुपये संस्थेकडे राहिले होते.

अशा वेळी विक्रेत्याला 'पाहा, आमचे यंत्र बरोबर!' म्हणण्याचा मोह होतो. सुदैवाने हा गप्प राहिला. क्लार्क समोरच बसला होता, आणि उद्या प्रणाली आली तर ती चालवणार तोच. व्यवस्थापकांनी ती रक्कम परत करण्याची चिठ्ठी तिथेच लिहिली, आणि गेल्या तीन वर्षांतली अशी खाती तपासायला सांगितली.

मे महिन्याच्या सभेच्या विषयपत्रिकेवर आता 'पिग्मी विभागासाठी संगणक प्रणाली' हा विषय आहे. मंडळ काय ठरवील ते ठरवील. दर जास्त वाटेल, एखाद्या संचालकाचा भाचा हाच धंदा करत असेल, काहीही होऊ शकते. पोराने परवा विचारले, ''काका, सभेच्या आधी अजून एक मेल टाकू का?'' मी म्हटले, टाक, पण त्यात त्या बारा खात्यांचा तक्ता फक्त दे, एका पानाचा. बाराव्या खात्यापुढे क्लार्कचा उल्लेख नको, नियमाचा क्रमांक लिही.