प्रेस मशीन नंतर घ्या, आधी दांडीची लांबी मोजा

बॅग, पाकीट, बेल्ट बनवायला सुरुवात करणारे बरेच जण मला एकच प्रश्न विचारतात. "सर, हाताने ठोकलेले रिव्हेट निघतात. प्रेस मशीन घेऊ का?" माझं स्पष्ट मत आहे की पहिल्या शंभर-दोनशे बॅगांसाठी हातसेटर, म्हणजे पंच, खालची ऐरण आणि हातोडी, पुरेसा आहे. रिव्हेट निघतो तो बहुतेक वेळा दांडीची लांबी चुकल्यामुळे. चुकीच्या लांबीचा रिव्हेट मशीनवर दाबलात तरी तो निघणारच, फक्त जरा वेगाने लागेल.

एक उदाहरण घेऊ. समजा तुम्हाला कॅनव्हासच्या 40 बॅगांची ऑर्डर आहे. प्रत्येक बॅगेला चामड्याचे दोन पट्टे, म्हणजे चार टोकं आणि चार रिव्हेट. एकूण 160 झाले. पट्टा 3 मिमी जाड आहे आणि बॅगेची कड दुमडल्यामुळे कॅनव्हास 2 मिमी भरतो. बोटांनी घट्ट दाबून मोजलं की एकूण 5 मिमी. दोन टोप्यांच्या रिव्हेटची दांडी भोकातून वर साधारण 3 मिमी दिसली पाहिजे, म्हणजे इथे 8 मिमीची दांडी लागेल. बाजारात सहज मिळतो म्हणून 6 मिमीचा डबा आणलात, तर वर फक्त 1 मिमी उरेल. टोपी "टक्" करून बसेल, दिसेलही छान, पण आत पकड नसेल. लॅपटॉप घातला की आठवड्यात टोपी हातात येते.

उलट 10 मिमीची दांडी घेतलीत तर ती ठोकताना आत वाकते आणि टोपी तिरकी बसते. ओळखायची खूण सोपी आहे. अंगठ्याने टोपी फिरवून बघा. गरगर फिरली तर दांडी लांब आहे किंवा ठोका कमी पडलाय. टोपीभोवती चामडं खोल दबून कापल्यासारखं झालं, तर ठोका जास्त झालाय. लांब दांडीचाच साठा हातात असेल तर आतल्या बाजूला चामड्याची छोटी चकती घाला. आखूड असेल तर पट्ट्याचं टोक आतून थोडं तासून पातळ करा.

आता टिचबटण. यात चार भाग असतात. झाकणाच्या बाजूला टोपी आणि मादी, बॅगेच्या अंगाला नर आणि त्याच्या मागची नळी. इथे दांडी पोकळ असते. पंचाचं टोक त्या पोकळीत जातं आणि तिची कड बाहेर गोल वळवतं. चामडं आणि मादी दोन्ही घातल्यावर दीड-दोन मिमी कड वर राहिली की काम होतं. वळलेली कड गोल आणि अखंड दिसली पाहिजे. ती फाटून चांदणीसारखी झाली, तर नळी लांब आहे, पंच त्या बटणाच्या मापाचा नाही किंवा तो तिरका धरलाय. म्हणून बटण आणि सेटर एकाच मापाचे, शक्यतो एकाच दुकानातून घ्या. एक जोरदार घाव घालू नका, दोन-तीन सरळ, मध्यम ठोके द्या. जास्त जोराने नर चपटा होतो आणि मग बटण लागतच नाही.

ठोकताना ऐरण कशावर ठेवता तेही बघा. हलणाऱ्या टेबलावर अर्धा जोर टेबल खातं. दगडी लादी किंवा जाड लोखंडी पाटा ठेवा, तोही टेबलाच्या पायाच्या बरोबर वर. टोपी घुमटाकार असेल तर ऐरणीची वाटी तिच्याच मापाची हवी, नाहीतर टोपी चपटी होते.

कॅनव्हासबद्दल माझं मत थोडं कडक आहे. निव्वळ रिव्हेटवर पट्टा टांगू नका. चामड्याला भोक पाडलं तर ते टिकतं, कॅनव्हासचे धागे कापले की भोक वजनाने मोठं होत जातं. शक्य तिथे टोच्याने धागे बाजूला सारून भोक करा, आतून चामड्याचा तुकडा लावा आणि पट्ट्याला चौकोनी शिलाई मारा. 1873 मध्ये जेकब डेव्हिस आणि लेव्ही स्ट्रॉस यांनी ज्यावर पेटंट घेतलं, त्या कामाच्या पँटमध्येही रिव्हेट खिशाच्या कोपऱ्यांना होते, जिथे शिलाई उसवते तिथे. रिव्हेट शिलाईच्या मदतीला असतो, तिच्या जागी नाही.

म्हणून ऑर्डरचा माल कापण्याआधी त्याच चामड्याच्या आणि त्याच कॅनव्हासच्या तुकड्यांवर पाच रिव्हेट आणि पाच बटणं ठोका. रिव्हेट ओढून, फिरवून बघा. बटण वीस वेळा उघडबंद करा. दहाच्या दहा टिकले तरच 160 चा डबा आणा.